गुलाबी बोंडअळीची चित्रकथा : मांडणीच्या नोंदी

28 जून

आमच्या शेतकरी गटासाठी आठ पानांची चित्रकथा करायचं नक्की झालं. विषय एकच : मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजायचे आणि हिरवं बोंड फोडून पाहायचं. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा आमच्या वावरातही बाहेरून बोंडं टणक दिसत होती आणि वेचायला गेलो तर आत कवडी, म्हणजे किडका डागी कापूस निघाला. लहान बोंडात अळी शिरते, तिचं छिद्र बुजून जातं आणि वरून काहीच कळत नाही. एवढी एक गोष्ट वाचणाऱ्याला डोळ्यांनी दिसली पाहिजे, म्हणून पत्रकाऐवजी चित्रकथा.

कथेत मुख्य दोघंच आहेत : शेतकरी आबाजी आणि त्यांची सून. ती त्यांना मामाजी म्हणते. बोलणं वऱ्हाडीत. चित्रं एआयवरून काढून घ्यायची आणि चौकटी, बोलण्याचे फुगे, अक्षरं हे सगळं मी Inkscape या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवायचं. पेरणी नुकतीच झाली आहे. सापळे साधारण 45 दिवसांनी लावतात, म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुस्तिका लोकांच्या हातात हवी.

1 जुलै

तीन दिवस फुकट गेले. मी आधी चित्रं काढून घेतली, चांगली चाळीसेक. शेत, आबाजी, सून, सापळा, कापसाचं झाड, सगळं सुटं सुटं आणि एकेक चित्र पाहायला सुंदर. आज ती पानावर मांडली तेव्हा पान वाचताच येईना.

कारण शोधायला संध्याकाळ गेली. प्रत्येक चित्र भिंतीवर लावायच्या पोस्टरसारखं आहे. माणूस मधोमध, कमरेपासून वर, डोकं वरच्या कडेला टेकलेलं, मागं झाडं, ढग, डोंगर भरगच्च. फुगा ठेवायला जागा नाही, आणि सगळी चित्रं एकाच अंतरावरून पाहिलेली असल्यानं नजर कुठं थांबत नाही, कुठं धावत नाही. चित्रकथेत एखादी चौकट गप्प लागते, एखादी नुसत्या हाताची लागते. सुटं चित्र मागितलं की ते दरवेळी सगळं सांगायचा प्रयत्न करतं.

सगळी चित्रं बाजूला ठेवली. आता उलटं जायचं : आधी पान, मग फुगे, मग उरलेल्या जागेच्या मापाचं चित्र.

3 जुलै

माप घेतलं. पुस्तिका ए5, म्हणजे ए4 कागद मधून दुमडलेला. पान 148 बाय 210 मिलिमीटर. चारी बाजूंनी 10 मिलिमीटर समास सोडला की 128 बाय 190 उरतात. तीन ओळी, प्रत्येकीत दोन चौकटी, मध्ये 4 मिलिमीटरची मोकळी पट्टी. एक चौकट सुमारे 62 रुंद आणि 60 उंच झाली.

आता फुगा. आमच्या गटातल्या बऱ्याच बायका सावकाश वाचतात, म्हणून अक्षर 11 पॉइंटच्या खाली न्यायचं नाही. या चौकटीत एका ओळीत साधारण चार शब्द बसतात. मी लिहिलेलं आबाजींचं पहिलं वाक्य वीस शब्दांचं होतं, म्हणजे पाच ओळी. देवनागरीत वर मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींतलं अंतर अक्षराच्या 1.4 पट धरलं. पाच ओळींना 27 मिलिमीटर, वर-खाली पाच-पाच मिलिमीटर मोकळं, एकूण 37. साठातले सदतीस मिलिमीटर फुग्यातच गेले, मग चित्र कशाला?

बारा शब्दांवर आणलं तर तीन ओळी होतात आणि सगळा फुगा सुमारे 26 मिलिमीटरमध्ये बसतो. म्हणून नियम ठरवला : एका चौकटीत बारा शब्द, दोघंही बोलत असले तर दोघांचे मिळून बारा. आख्खी संहिता बसून कापली. “सूनबाई, बाहेरून चांगलं दिसणारं बोंड आतून किडलेलं असू शकते म्हणून काही बोंडं फोडून पाहिली पाहिजेत” याचं झालं : “वरून चांगलंच दिसते पोरी. फोडून पाह्य.” हे वाक्य पहिल्यापेक्षा खरं वाटतं. आबाजी असंच बोलतील.

दुसरी गोष्ट कळली ती चित्रासाठी : वरची 40 टक्के चौकट फुग्याची आहे. डोकं त्याच्या खाली पाहिजे.

6 जुलै

आठही पानं वहीच्या कागदावर पेन्सिलनं आखली, माणसांच्या जागी काड्या आणि गोल. यात एक मोठी चूक वेळेवर दिसली.

सगळ्यात महत्त्वाची चौकट म्हणजे फोडलेलं बोंड आणि आत गुलाबी अळी. ती मी पाचव्या पानावर ठेवली होती. पण पुस्तिका उघडली की 4 आणि 5 समोरासमोर येतात. आबाजी चौथ्या पानावर “फोडून पाह्य” म्हणतात तेव्हाच वाचणाऱ्याचा डोळा शेजारच्या अळीवर गेलेला असतो. मग सून बोंड हातात घेऊन विचार करते त्या चौकटीला काही अर्थच राहत नाही.

पान उलटल्यावर जे दिसायचं ते डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्याच्या पानावरच येऊ शकतं. म्हणून अळी सहाव्या पानाच्या माथ्यावर नेली, पूर्ण 128 मिलिमीटर रुंद. पाचव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत नुसता हात, बोंड आणि नखांनी धरलेली बोंडाची शिवण. एकही शब्द नाही. पुढं काय निघते हे पाहायला पान उलटावंच लागतं.

त्यासाठी मध्ये एक पान भरायला हवं होतं, आणि तिथं सापळ्याच्या तीन सकाळी आल्या. त्याबद्दल पुढं लिहिते, कारण तिथंच खरं काम पडलं.

9 जुलै

आता चौकटीप्रमाणे चित्रं. मी वापरते त्या एआयला वर्णन इंग्रजीत द्यावं लागतं. मी जागेचं वर्णन आधी आणि माणसाचं नंतर देऊन पाहिलं, तेव्हा थोडा फरक पडला.

```
black ink line drawing, plain empty white sky in upper half,
knee-high cotton plants, old farmer with towel on shoulder
small figure at lower left, seen from side, no text
```

तरी डोकं बऱ्याचदा वरच जातं. त्यावर भांडण्यापेक्षा सोपी वाट सापडली. आकाश पांढरंच असेल तर चित्र चौकटीत खाली सरकवायचं, पाय कापले जाऊ द्यायचे आणि वर आपोआप पांढरी जागा मिळते. फक्त कापताना रेघ गुडघ्यावर, घोट्यावर किंवा मनगटावर येऊ द्यायची नाही. सांध्यावर कापलं की अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीवर किंवा कमरेच्या वर कापलं की खटकत नाही.

चित्र 1024 पिक्सेल चौरस मिळतं. 62 मिलिमीटरच्या चौकटीला 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, सुमारे 730 पिक्सेल पुरतात, म्हणजे कापायला मोकळीक आहे. सहाव्या पानाच्या रुंद चौकटीला मात्र तेच चित्र ताणलं तर 200 डीपीआयच्या आसपास येतं. झेरॉक्सला तेवढं चालतं, पण त्यातून तुकडा कापून मोठा करता येणार नाही.

जे जमलंच नाही ते असं. सापळा दरवेळी आंब्याच्या झाडाला टांगलेला निघतो, आपल्याला तो काठीला बांधलेला आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, शेंड्याच्या थोडा वर हवा. पतंग म्हणून मोठी नक्षीदार फुलपाखरं येतात. खरा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा आणि बोटाच्या नखापेक्षाही लहान. आणि डोमकळी मागितली की गुलाब येतो. डोमकळी म्हणजे अळीनं आत धागे विणून पाकळ्या बांधून टाकलेलं, न उमलणारं फूल. ते चुकलं तर माणूस वावरात चुकीचं फूल शोधेल. या चित्रकथेत सजावट चुकली तर चालेल, ओळखायची वस्तू चुकून चालणार नाही.

सापळा, पतंग, डोमकळी आणि फोडलेलं बोंड ही चारही चित्रं हातानं काढायची ठरवली. शाळेतले चित्रकलेचे सर मदत करणार आहेत. सध्या शेतात ना फूल ना बोंड, म्हणून बाबांच्या मोबाइलमधले मागच्या हंगामातले फोटो शोधून सरांना दिले.

12 जुलै

फुगे बसवायला घेतले. पहिल्याच पानावर अडले.

वाचणारा डावीकडून उजवीकडं आणि वरून खाली वाचतो, म्हणून आधी बोलणारा डावीकडं पाहिजे. चित्रात आबाजी डावीकडं आणि सून उजवीकडं आहे, पण आधी बोलते सून. मी चित्र आडवं उलटवलं. बरोबर बसलं. आईला दाखवलं तर ती म्हणाली, “पदर उजव्या खांद्यावर कायले घेतला इनं?”

उलटवल्यावर पदर डाव्याचा उजव्या खांद्यावर गेला होता. आबाजींचा दुपट्टाही खांदा बदलून बसला. पुढच्या चौकटीत ते परत जागेवर. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं आणि आईला पहिल्या नजरेत दिसलं. चित्र परत सुलट केलं आणि उपाय फुग्यांनी केला : सुनेचा फुगा चौकटीच्या अगदी वरच्या कडेला लावला आणि डावीकडं ताणून आबाजींच्या डोक्यावर आणला, आबाजींचा फुगा त्याच्या खाली, थोडा उजवीकडं सरकवून. डोळा आधी वरचा फुगा वाचतो. फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदणार नाहीत एवढं पाहिलं, कारण छेदल्या की कोण काय बोललं हे पुन्हा शोधावं लागतं.

शेपूट तोंडाला टेकवायची नाही. फुग्यापासून तोंडापर्यंतच्या अंतरात अर्ध्याच्या थोडी पुढं जाऊन थांबवली, टोक तोंडाच्या रोखानं. फुगा आणि शेपूट वेगवेगळे काढून दोन्ही निवडून `Path > Union` केलं की मधली रेघ जाते आणि एकच आकार होतो.

आणखी एक गोष्ट. तिसऱ्या चौकटीत बोलते सून, पण चित्रात तोंड उघडं आहे ते आबाजींचं. शेपूट सुनेकडं असूनही मला स्वतःला ते वाक्य आबाजींचं वाटलं. Krita या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये आबाजींच्या मिशीखाली दोन रेघा ओढून तोंड मिटवलं. तेवढ्यानं चौकट सुटली. आता प्रत्येक चित्र निवडताना आधी पाहते की तोंड कोणाचं उघडं आहे.

15 जुलै

अक्षरांचा दिवस. हस्ताक्षरासारखा कलम फॉन्ट छान दिसतो, पण त्यातली जोडाक्षरं सावकाश वाचणाऱ्याला अडतील असं वाटलं. म्हणून मुक्त नावाचा फॉन्ट घेतला, मधल्या जाडीचा. ओरडण्याच्या एका चौकटीत तोच जाड केला.

ओळ तोडताना अर्थ पाहून तोडायची. “वरून चांगलंच / दिसते पोरी. / फोडून पाह्य.” अशी तोडली की आबाजी थांबून थांबून बोलतात असं ऐकू येतं. Inkscape ला आपोआप तोडू दिलं तर “फोडून” वरच्या ओळीत जातं आणि सगळा झटका निघून जातो. पुढं “फोडून पाह्य” हे दोन शब्द वेगळ्या लहान फुग्यात काढले आणि वरच्या फुग्याला बारीक दांड्यानं जोडले. दोन फुग्यांच्या मधल्या जागेत आबाजींचा श्वास आहे.

19 जुलै

तीन सकाळी. शिफारस अशी आहे की एका सापळ्यात रात्रीत आठ किंवा जास्त पतंग, असं सलग तीन दिवस मिळालं तर अळीनं नुकसानीची पातळी गाठली असं समजायचं. म्हणजे मला कथेत तीन दिवस जाऊ द्यायचे होते आणि तेही एका ओळीत.

पहिल्या मांडणीत तीन वेगवेगळी चित्रं होती, कारण प्रत्येक सकाळ वेगळी दिसावी असं मला वाटलं. एकात सूर्य, एकात ढग, एकात सून वाकलेली. खाली आकडे 9, 11, 10. शेजारच्या काकूंना वाचायला दिलं, काही न सांगता. त्या म्हणाल्या, “हे तीन वावरं हायेत का?”

बरोबर आहे. प्रत्येक चित्रात सापळा वेगळा, पऱ्हाटीची उंची वेगळी, काठी वेगळी. डोळ्याला जागा बदललेली दिसली, वेळ बदललेली दिसली नाही. वेळ दाखवायची तर बाकी सगळं जागच्या जागी राहिलं पाहिजे. म्हणून सरांनी काढलेलं सापळ्याचं एकच चित्र तीनदा ठेवलं, तसंच्या तसं, एकाच मापात कापून. बदलतात फक्त सापळ्याखालच्या पिशवीतले पतंग आणि वरच्या पट्टीतला वार. मधली मोकळी पट्टी 4 वरून 2 मिलिमीटर केली, म्हणजे तिन्ही चौकटी एकाच दमात वाचल्या जातात.

20 जुलै

पुन्हा काकूंकडं गेले. आता सापळा एकच आहे हे त्यांना लगेच कळलं. पण आकडे पाहून त्या म्हणाल्या, “पह्यल्या दिवशी नऊ, दुसऱ्या दिवशी अकरा. म्हणजे दोनच नवे पडले न? अन् तिसऱ्या दिवशी दहा कसे झाले, एक उडून गेला का?”

मी निरुत्तर झाले. पिशवी रोज सकाळी रिकामी करायची असते हे मला माहीत होतं, म्हणून चित्रात ते नाही हे मला दिसलं नाही. आणि सापळा लावण्यात लोक चुकतात ते नेमकं इथंच. पिशवी रिकामी केली नाही तर मोजणीला अर्थ नाही.

खाली तळटीप टाकायचा विचार आला आणि सोडला. वाचणारा ओळीत पुढं जाऊन मग टीप वाचणार, तोवर चूक डोक्यात बसलेली. चौकटीनंच सांगायला हवं. तीन सापळ्यांच्या मध्ये दोन अरुंद चौकटी घातल्या : पिशवी उलटी धरलेला हात आणि खाली पडणारे पतंग. माप असं बसलं : तीन चौकटी 30 मिलिमीटरच्या, दोन 15 च्या, चार पट्ट्या 2 च्या, बेरीज 128. जणू पान यासाठीच मापलं होतं.

आता ओळ वाचली की ताल येतो : मोजणं, झटकणं, मोजणं, झटकणं, मोजणं. अरुंद चौकटीवर डोळा कमी थांबतो, म्हणून झटकणं पटकन होतं आणि मोजण्यावर वजन राहतं. या ओळीत एकही फुगा नाही. तिसऱ्या आकड्यानंतर खालच्या ओळीत सून नुसती आबाजींकडं पाहते, तीही मुक्यानं. मग आबाजी बोलतात.

काकूंनी तिसऱ्यांदा वाचलं, बोट ठेवून. दुसऱ्या अरुंद चौकटीवर बोट थांबलं आणि त्या म्हणाल्या, “रोज झटकाची.”

24 जुलै

तालुक्याला जाऊन झेरॉक्सवर नमुना काढला. एआयच्या चित्रांतल्या राखाडी छटा काळ्या झाल्या. आबाजींचा चेहरा अर्धा गेला. सरांची शाईची चित्रं स्वच्छ आली. आता एका पुस्तिकेत दोन हातांची चित्रं आहेत हेही ठळक दिसू लागलं.

दोन्ही अडचणींवर उपाय एकच निघाला. एआयच्या चित्रांतली राखाडी छटा पूर्ण काढून फक्त काळं-पांढरं ठेवलं, मग बाह्यरेषेवरून सरांच्या शाईइतक्या जाडीची रेघ Krita मध्ये फिरवली. मागचे डोंगर, ढग पुसून टाकले. प्रत्येक चौकटीला वीसेक मिनिटं लागली आणि मधे दोनदा लाइट गेली. पण आता फुग्याची रेघ, चौकटीची रेघ आणि चित्राची रेघ एका घरची वाटते.

चेहऱ्याचा प्रश्न तसाच उरतो. आबाजी प्रत्येक चित्रात थोडे वेगळे निघतात, एकीकडं नाक लांब, दुसरीकडं गाल भरलेले. सगळे सारखे करणं मला जमणार नाही. म्हणून जवळून चेहरा फक्त दोन चौकटींत ठेवला, बाकी ठिकाणी पाठ, हात किंवा लांबून आकृती. टोपी आणि पट्ट्यांचा दुपट्टा मात्र प्रत्येक ठिकाणी मी हातानं सारखा केला. ओळख त्यावरूनच पटते.

29 जुलै

छपाईची फाइल. दुकानातल्या संगणकात माझा फॉन्ट नव्हता आणि फाइल उघडल्यावर “सूनबाई” चे अक्षर-अक्षर सुटले. घरी येऊन सगळी अक्षरं `Path > Object to Path` करून घेतली आणि मग पीडीएफ काढली. त्याआधी अक्षरं बदलता येतील अशी मूळ फाइल वेगळ्या नावानं ठेवली, कारण एकदा आकार झाला की शब्द दुरुस्त करता येत नाही.

पानांचा क्रम कागद दुमडूनच लावला. पहिल्या कागदाच्या एका बाजूला 8 आणि 1, मागं 2 आणि 7. दुसऱ्या कागदाला 6 आणि 3, मागं 4 आणि 5. एक कोरी पुस्तिका दुमडून पेन्सिलनं आकडे टाकले, उलगडली आणि तसंच मांडलं.

2 ऑगस्ट

पन्नास प्रती आल्या. गटाच्या बैठकीत वाटल्या आणि मी मागं बसून लोक पान कसं उलटतात ते पाहत होते. पाचव्या पानाच्या तळाशी, बोंड धरलेल्या हातावर, बहुतेकजण थांबले. एका वहिनीनं पान उलटलं, अळी पाहिली आणि परत मागं जाऊन तो हात पाहिला.

सातव्या पानावर मात्र अडलं. “20 बोंडं फोडली, 2 मध्ये अळी” ही चौकट मी आकड्यांत लिहिली होती, वीस बोंडं काढायला जागा नव्हती. दोघांनी विचारलं की वीस कुठून घ्यायची, एकाच झाडाची का. शेतात वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांवरून एकेक घ्यायचं असतं, आणि ते चित्रात कुठंच नाही. पुढच्या प्रतींसाठी त्या पानाची वरची ओळ मोडून एक पूर्ण रुंदीची चौकट करते : वरून पाहिलेलं वावर, त्यात सुनेच्या चालण्याची तुटक नागमोडी रेघ, आणि रेघेवर वीस टिंबं. त्या पानावर येणाऱ्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांचा फुगा त्यामुळे खालच्या ओळीत जाईल आणि त्यातले चार शब्द कापावे लागतील.